न सापडलेलं पुस्तक हरवलेलं कधी धरायचं? दाखल नोंदवही आणि कपाट यांचा मेळ

प्रश्न: नाशिकमधल्या एका अनुदानित कनिष्ठ महाविद्यालयात गेल्या महिन्यात ग्रंथपाल म्हणून रुजू झाले. दाखल नोंदवहीतला शेवटचा क्रमांक ९४१२ आहे आणि मी कपाटांतली पुस्तकं मोजली तर ८५२७ भरली. म्हणजे ८८५ पुस्तकं गायब! शिवाय दोन कपाटं फाटक्या पुस्तकांनी भरलेली आहेत. प्राचार्य म्हणतात, चार्जच्या यादीवर सही करून टाका. हे नुकसान माझ्या अंगावर येईल का? पडताळणी नक्की कशी करायची?

उत्तर:

आधी सहीचं बोलू. ‘सर्व पुस्तके मिळाली’ अशा मजकुराखाली सही करू नका. प्राचार्यांशी वाद घालायचीही गरज नाही. चार्जच्या यादीखाली तुमच्या हाताने एक ओळ लिहा: ‘दाखल नोंदवहीचे खंड, देवघेव नोंदवही व कपाटांच्या किल्ल्या मिळाल्या, पुस्तकांची संख्या प्रत्यक्ष पडताळणीच्या अधीन राहून स्वीकारली.’ त्याखाली तारीख आणि सही. एक प्रत आवक-जावकमधून क्रमांक घालून स्वतःकडे ठेवा. मागच्या वर्षांतली तूट तुमच्या कारकिर्दीतली नाही, हे दाखवणारा कागद तुमच्याकडे हवा, आणि तो पहिल्या महिन्यातच तयार व्हायला हवा. वर्षभराने लिहिलेल्या अशा पत्राला कोणी विचारत नाही.

आता तुमची ८८५. हा आकडा कोणालाही सांगू नका, कारण तो तुटीचा आकडाच नाही. शेवटचा दाखल क्रमांक म्हणजे आजवर आलेल्या पुस्तकांना ओळीने दिलेल्या क्रमांकांतला शेवटचा क्रमांक, एवढंच. आज कपाटात किती पुस्तकं असायला हवीत, हे तो सांगत नाही. तो आकडा आधी नोंदवहीतून काढावा लागतो, आणि त्यासाठी पुस्तकाला हात लावण्यापूर्वी दोन दिवस फक्त नोंदवही घेऊन बसावं लागतं.

मी पंचवीस वर्षं हेच काम करते आहे. माझ्या पहिल्या मोठ्या पडताळणीचा हिशेब पूर्ण सांगते, म्हणजे तुम्हाला तुमचा मांडता येईल. तिथे सहा वर्षांत पडताळणी झालेली नव्हती. शेवटचा दाखल क्रमांक होता ७८६०. नोंदवही पान न पान चाळली तेव्हा शेऱ्याच्या रकान्यात लाल शाईने ‘बाद’ लिहिलेल्या ४१२ नोंदी निघाल्या, त्यांच्यापुढे ठरावाचे क्रमांकही होते. मग एका पानाच्या शेवटी ३१९९ होता आणि पुढच्या पानाची सुरुवात ३३००ने झाली होती. लिहिणाऱ्याने ३२०० लिहायचं ते चुकून ३३०० लिहिलं आणि तोच धागा पुढे गेला. म्हणजे शंभर पुस्तकं कधी अस्तित्वातच नव्हती! उलट नऊ क्रमांक दोन-दोन पुस्तकांना दिलेले होते. तेव्हा ७८६०मधून ४१२ वजा, १०० वजा, आणि ९ मिळवले. असायला हवीत ती पुस्तकं ७३५७. तुमच्या नोंदवहीतही असं काही ना काही निघेलच. जुन्या नोंदवहीत पानाचा सांधा आणि खंडाचा सांधा या दोन जागा बारकाईने बघा. नवा खंड सुरू करताना चुकीच्या क्रमांकापासून सुरुवात झालेली मी बऱ्याचदा पाहिली आहे. सुटलेल्या क्रमांकांचं एक टिपण करा आणि त्यावर प्राचार्यांची सही घ्या. दुबार क्रमांकांपैकी दुसऱ्या पुस्तकाच्या क्रमांकापुढे ‘अ’ लावा, नोंदवहीतही आणि पुस्तकावरही.

मग प्रत्यक्ष पडताळणी. नाशिकला याची खरी वेळ एप्रिल. बारावीची परीक्षा झालेली असते, हवा कोरडी असते, पुस्तकं झटकून उन्हाच्या कडेला सावलीत ठेवता येतात, आणि पावसाळ्याआधी भिंतींची ओल बघून घेता येते. एक तारीख ठरवा, त्या तारखेपासून देवघेव बंद. शिक्षकांना पंधरा दिवस आधी पत्र द्या की पुस्तकं परत करावीत, नाहीतर निदान आणून दाखवावीत. पडताळणी चालू असताना एकही पुस्तक बाहेर गेलं की हिशेब फिसकटतो, मग ते कोणाच्याही शब्दावरून गेलेलं असो.

बरेच जण दाखल नोंदवही उघडून तिच्यातच पेन्सिलने खुणा करत जातात. ते करू नका. पुस्तकं कपाटात विषयवार लावलेली असतात आणि नोंदवही खरेदीच्या क्रमाने लिहिलेली असते, म्हणून शेजारशेजारच्या दोन पुस्तकांच्या नोंदी दोन वेगळ्या खंडांत निघतात. पानं उलटण्यातच दिवस जातो, जुनं रजिस्टर शिवणीतून सुटतं आणि खुणा भलत्याच ओळीवर पडतात. त्याऐवजी क्रमांकपत्रकं करा. एका कागदावर दहा गुणिले दहा चौकटी, म्हणजे शंभर क्रमांक. आम्हाला ७९ कागद लागले. ते टेबलावर क्रमाने मांडायचे. एक जण कपाटाशी उभा राहून पुस्तक उघडतो, क्रमांक आणि नाव मोठ्याने वाचतो, दुसरा त्या चौकटीत खूण करतो. बाद आणि सुटलेल्या क्रमांकांच्या चौकटी आधीच काट मारून ठेवायच्या. वाचणारा परिचर चालेल, पण खूण करणारा शक्यतो ग्रंथालय समितीतला शिक्षक असावा आणि त्याने रोजच्या रोज पत्रकांवर सही करावी. ज्याच्या ताब्यात पुस्तकं, त्यानेच एकट्याने पडताळणी केली तर तिला वजन राहत नाही. तुम्ही तिथे हजर राहा, शंका निघाली की निवारा. आमच्या जोडीची गती तासाला सव्वाशे-दीडशे पुस्तकांची होती, रोज सहा तास धरले तर नऊ दिवस लागले.

क्रमांक कण्यावरच्या चिठ्ठीवरून वाचू नका. चिठ्ठ्या बदललेल्या असतात, बाइंडरकडून येताना उलटसुलट चिकटलेल्या असतात. शीर्षक पानाच्या मागचा क्रमांक वाचा, आणि शंका आली तर गुप्त पानावरचा. प्रत्येक ग्रंथालयाचं एक ठरलेलं पान असतं, तिथे शिक्का आणि क्रमांक पुन्हा घातलेला असतो. तुमच्याकडचं गुप्त पान कोणतं, हे कुठे लिहिलेलं नसेल तर दहा जुनी पुस्तकं चाळून बघा, सापडेल.

इथे आपल्याकडची एक खास अडचण आहे. जुने ग्रंथपाल मराठी आकडे लिहीत, नंतरच्यांनी इंग्रजी सुरू केले. त्यामुळे जुन्या पुस्तकावरचा मराठी चार वाचणाऱ्याला इंग्रजी आठ वाटतो आणि मराठी एक इंग्रजी नऊ वाटतो. आमच्याकडे ४१०७ क्रमांकाचं एक नाटक होतं. परिचराने ते ‘आठ हजार नऊशे...’ असं वाचायला सुरुवात केली तेव्हा खूण करणाऱ्या सरांच्या लक्षात आलं की आपल्याकडे आठ हजार क्रमांकच नाही. पण १ आणि ९ची गफलत अशी पकडली जात नाही, कारण दोन्ही क्रमांक नोंदवहीत असतात. एका चौकटीत दोनदा खूण पडते आणि दुसरी रिकामी राहते. म्हणून नियम असा ठेवा: खूण असलेल्या चौकटीवर पुन्हा खूण करायची वेळ आली की थांबायचं. दोन्ही पुस्तकं काढायची, नोंदवहीतलं नाव ताडून बघायचं, चुकीच्या क्रमांकाचं पुस्तक वेगळ्या ‘शंका’ गठ्ठ्यात ठेवायचं. दुबार खुणेकडे दुर्लक्ष केलं, तर तुमच्या हातात असलेलं पुस्तक यादीत गहाळ म्हणून जातं.

संगणक असेल तर हेच काम एक्सेलमध्ये सोपं होतं. वाचलेले क्रमांक A रकान्यात टाकत जा, असायला हवेत ते B रकान्यात, आणि C रकान्यात हे सूत्र:

```
=COUNTIF(A:A,B2)
```

उत्तर 0 आलं तर पुस्तक अजून दिसलेलं नाही, 1 आलं तर ठीक, 2 आलं तर शंका. सगळे आकडे एकाच लिपीत टाका, नाहीतर सूत्राला ते जुळलेले दिसणार नाहीत. आणि छापील पत्रकावरच्या सह्या तरीही घ्या.

आमची पहिली फेरी संपली तेव्हा ६८७१ चौकटींत खूण होती, ४८६ रिकाम्या. त्या संध्याकाळी सगळ्यांचे चेहरे उतरले होते. पण रिकामी चौकट म्हणजे हरवलेलं पुस्तक नव्हे, ते फक्त न दिसलेलं पुस्तक. खरं काम इथून सुरू होतं, आणि बहुतेक ठिकाणी नेमकं इथेच थांबून यादी टाइप केली जाते.

सगळ्यात आधी देवघेव नोंदवही. त्यातून २०३ पुस्तकं विद्यार्थी आणि शिक्षकांच्या नावावर निघाली, उरली २८३. नावावर असणं पुरेसं नाही, हे मात्र लक्षात ठेवा. शिक्षकांच्या नावावरचं पुस्तक त्यांनी आणून दाखवलं पाहिजे किंवा ‘माझ्याकडे आहे’ असं लिहून दिलं पाहिजे. मग इमारतीतून फेरी: प्रयोगशाळांमधली कपाटं, शिक्षक कक्ष, क्रीडा विभाग, प्राचार्यांची केबिन, परीक्षा विभागाचा माळा. ६४ पुस्तकं तिथून आली, बहुतेक शब्दकोश आणि प्रात्यक्षिकांची. बाइंडरच्या जुन्या चलनावरून ३८ पुस्तकं त्याच्याच दुकानात पडून असल्याचं कळलं. बिल थकलं होतं म्हणून त्याने दिली नव्हती, आणि आमच्याकडे कोणी विचारलं नव्हतं. उरली १८१.

त्यानंतर यादी हातात घेऊन कपाटांची दुसरी फेरी. या फेरीत सगळी पुस्तकं वाचायची नाहीत, फक्त यादीतली शोधायची. रॅकच्या मागे पडलेली, मोठ्या पुस्तकाच्या पोटात सरकलेली पातळ पुस्तकं, कवितासंग्रह कादंबऱ्यांत गेलेले. एकांकिकांची पातळ पुस्तकं तर हमखास दडलेली असतात. ४७ मिळाली. शंका गठ्ठ्यातून २१ पुस्तकांचे खरे क्रमांक लागले. शेवटी लेखाशाखेत जाऊन जुन्या पावत्या काढल्या. २६ पुस्तकांचे पैसे विद्यार्थ्यांनी हरवल्याबद्दल भरलेले होते, त्यांना पावत्याही दिलेल्या होत्या, पण नोंदवहीत कोणी शेराच लिहिला नव्हता. म्हणजे नोंदवहीत ती जिवंत, कपाटात नाहीत, आणि पैसे मात्र जमा!

४८६वरून आम्ही ८७वर आलो. या ८७ना ‘न सापडलेली’ म्हणायचं, अजूनही ‘हरवलेली’ नाही. ही यादी क्रमांक, नाव, लेखक, नोंदवहीतली किंमत आणि देवघेवीतली शेवटची नोंद अशा रकान्यांनी तयार करून समितीसमोर ठेवली. मी त्याच वर्षी निर्लेखनाचा, म्हणजे ती नोंदवहीतून कायमची कमी करण्याचा, ठराव मागत नाही. पुढच्या दोन पडताळण्यांत ती यादी पुन्हा तपासायची आणि तरीही नसेल तर निर्लेखन. त्या ८७पैकी ११ पुस्तकं पुढच्याच वर्षी परत आली. त्यातली सात एका निवृत्त सरांच्या मुलाने पिशवीतून आणून दिली. घराला रंग देताना माळ्यावर सापडली, म्हणाला, आत कॉलेजचा शिक्का दिसला म्हणून आणली.

आता तुमचा मुख्य प्रश्न: नुकसान तुमच्या अंगावर येईल का? तुमच्या संस्थेचा किंवा विभागाचा स्वतःचा नियम असेल तर तो आधी. माझ्या पाहण्यातले लेखापरीक्षक आधार म्हणून केंद्र सरकारचे सामान्य वित्तीय नियम २०१७ धरतात. त्यातल्या नियम २१५प्रमाणे २०,००० पर्यंत पुस्तकं असलेल्या ग्रंथालयाने दरवर्षी पूर्ण पडताळणी करायची. २०,००० ते ५०,०००ला तीन वर्षांतून निदान एकदा, आणि त्याहून मोठ्या संग्रहाला जास्तीत जास्त तीन वर्षांच्या अंतराने नमुना पडताळणी. तुम्ही पहिल्या गटात येता. त्याच नियमात तुटीचं माप आहे: वर्षभरात देवघेव झालेल्या किंवा वाचनासाठी हाताळलेल्या दर हजार पुस्तकांमागे पाच पुस्तकांची तूट रास्त मानता येते, अप्रामाणिकपणा किंवा निष्काळजीपणा हे कारण नसेल तर. मात्र १,००० रुपयांपेक्षा जास्त किमतीचं पुस्तक, आणि दुर्मिळ पुस्तक कितीही किमतीचं असो, त्याची चौकशी करावीच लागते.

हे माप लावताना एक चूक सर्रास होते. लोक दर हजारी पाच हे एकूण संग्रहावर काढतात. नियम वापरावर आहे. आमच्याकडे वर्षाला साधारण ३,८०० पुस्तकांची देवघेव होत होती, म्हणजे वर्षाला १९ पुस्तकं रास्त. सहा वर्षांची पडताळणी राहिलेली होती, म्हणून ११४. आमची ८७ त्याच्या आत बसली. त्यातल्या तीन पुस्तकांची किंमत १,००० रुपयांच्या वर होती. त्यांच्यासाठी स्वतंत्र टिपणं केली: शेवटची देवघेव कधी, कोणत्या कपाटात होतं, कपाटाला कुलूप होतं का, कोणाकोणाला विचारलं. वाचनालयात बसून वाचलेल्या पुस्तकांची नोंद ठेवत नसाल तर आजपासून ठेवा, कारण तोही वापरच आहे आणि तुमचं माप त्याने वाढतं. तूट मापाच्या बाहेर गेली तरी थेट पगारातून कपात होत नाही. आधी चौकशी व्हायला हवी, आणि चौकशीत तुमच्या बाजूने बोलणारे कागद म्हणजे ते पहिल्या महिन्यातलं पत्र, रोजच्या सह्यांची पत्रकं आणि किल्ल्या कोणाकडे असतात याची नोंद. ग्रंथालयाची दुसरी किल्ली कार्यालयात खिळ्याला टांगलेली असेल तर तेही लेखी कळवून ठेवा.

विद्यार्थ्याने पुस्तक हरवलं तर दोन वाटा: नवी प्रत आणून द्यायची किंवा आजच्या बाजारभावाने पैसे भरायचे. नोंदवहीत ३५ रुपये किंमत आहे म्हणून ३५ घेऊन पावती फाडू नका, त्या पैशात ते पुस्तक आज मिळणार नाही. निर्लेखनाच्या यादीत मात्र नोंदवहीतलीच किंमत लिहायची, कारण नोंदवहीच्या एकूण मूल्यातून तेवढीच रक्कम वजा होणार आहे. आणलेल्या नव्या प्रतीला जुना क्रमांक देऊ नका. जुन्या क्रमांकापुढे आवृत्ती, किंमत, बिल क्रमांक सगळं जुन्या प्रतीचं आहे. ती नोंद ‘गहाळ, बदली प्रत दा. क्र. अमुक’ असा शेरा देऊन बंद करायची, आणि नव्या प्रतीला शेवटच्या दाखल क्रमांकाच्या पुढचा क्रमांक.

फाटलेल्या पुस्तकांकडे वळू. ती असतात, म्हणून पडताळणीत त्यांच्यावर खूण होते, आणि त्यांची यादी वेगळी. एक कळकळीने सांगते: न सापडलेली पुस्तकं फाटक्यांच्या यादीत घुसवून हिशेब जुळवायची युक्ती कोणी सुचवेल, ती मुळीच करू नका. बाद करायची पुस्तकं समितीसमोर गठ्ठ्याने मांडावी लागतात, कोणीही ती मोजू शकतो, आणि तिथे एक पुस्तक कमी निघालं तर आजवर प्रामाणिकपणे केलेल्या कामावरही कोणी विश्वास ठेवत नाही.

प्रत्येक फाटकं पुस्तक हातात घेऊन पाहावं लागतं. मुखपृष्ठ गेलंय पण आतली पानं मऊ आणि पूर्ण आहेत, तर बांधणीला. दोन-चार पानं सुटली आहेत, तर खळ लावून पातळ कागदाने जागेवरच दुरुस्ती. चिकटपट्टी लावू नका, चार-पाच वर्षांत तिचा डिंक पिवळा पडून अक्षरांत मुरतो आणि पट्टी गळून जाते. पानं गेली आहेत असं वाटलं तर पृष्ठ क्रमांक बघा. आमच्याकडे एका कथासंग्रहातली ९७ ते ११२ ही पानं नव्हती. ती मोजली तर बरोबर सोळा, म्हणजे सातवा फर्मा, एकत्र दुमडून शिवलेला सोळा पानांचा जुडगा, अख्खा. कडेला फाटल्याची एक रेघही नव्हती. कोणी पानं फाडली तर ती अशी सोळाच्या हिशेबात जात नाहीत, दोरा तुटून फर्मा गळालेला होता. तो त्याच खणाच्या तळाशी, वर्तमानपत्राखाली मिळाला. पुस्तक बाद होता होता बांधणीला गेलं.

कागद ठिसूळ झाला असेल तर बांधणीचे पैसे घालवू नका. कोऱ्या जागेच्या कोपऱ्याची एक छोटी घडी घाला, पुढे-मागे एक-दोनदा दुमडा. तुकडा हातात आला तर सुईचा दोरा ते पान कापत जाणार, आणि बांधलेलं पुस्तक वर्षभरात पुन्हा सुटणार. असं पुस्तक नव्या आवृत्तीत मिळत असेल तर ते बाद करून नवं घ्यावं. मिळत नसेल, जुनं असेल, तर रद्दीत घालण्याआधी आपल्या गावातल्या जाणत्या वाचनालयाला विचारा. सार्वजनिक वाचनालय नाशिक १८४० पासूनचं आहे. शंभरी गाठलेलं मराठी पुस्तक कोणाकडे असण्याची शक्यता आहे, हे अशा ठिकाणची मंडळी सांगू शकतात.

कसर लागलेली पुस्तकं झटकून स्वच्छ करता येतात, वाळवीचं तसं नाही. कपाटाच्या मागच्या फळीवर आणि भिंतीवर मातीच्या बारीक नळ्या दिसतात का बघा. नळी दिसली तर मध्येच बोटभर मोडा आणि दोन दिवसांनी पुन्हा बघा. मोडलेली जागा भरून निघाली असेल तर वाळवी चालू आहे, आणि अशा वेळी फक्त पुस्तकं बाद करून काही होत नाही. तो खण रिकामा करून उपचार होईपर्यंत तिथे एकही पुस्तक ठेवू नका आणि कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढा.

पाण्याची गोष्ट वेगळी. गोदाकाठच्या जुन्या भागात तुमचं महाविद्यालय असेल आणि ग्रंथालय तळमजल्यावर असेल, तर पुराची पातळी जिच्यावरून ओळखतात त्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे बघून पावसाळ्यात सगळ्यात खालचा खण रिकामा करायची सवय लावा. ऑगस्ट २०१९च्या पुरानंतर एका ठिकाणी मदतीला गेले होते. गुळगुळीत कागदाची सचित्र पुस्तकं ओली असताना गठ्ठ्यानेच ठेवून दिली होती, वाळल्यावर त्यांची वीट झाली. ओली असतानाच पानांत कोरे टिपकागद घातले असते तर काही वाचली असती. आणि त्या ठिकाणी पंचनामा दोन महिन्यांनी झाला, तोवर कोणतं पुस्तक पुरात गेलं आणि कोणतं आधीच नव्हतं हे कोणालाच सांगता येईना. आपत्तीत गेलेल्या पुस्तकांची क्रमांकवार यादी, फोटो आणि पंचनामा त्याच आठवड्यात करा. ती यादी वार्षिक तुटीत मिसळू नका.

आमच्या त्या वर्षी २३६ खराब पुस्तकं वेगळी काढली होती. ६४ची जागेवर दुरुस्ती झाली, ५४ बांधणीला गेली, ११८ बाद ठरली. समितीने गठ्ठे पाहिले, इतिवृत्तात क्रमांकवार यादी जोडली, संस्थेचा ठराव झाला. मग प्रत्येक पुस्तकाच्या शीर्षक पानावर आणि गुप्त पानावर ‘निर्लेखित’ शिक्का मारून रद्दीची दरपत्रकं मागवली, वजन दोघांसमोर केलं आणि पैसे लेखाशाखेत पावतीने भरले. हा शिक्का टाळू नका. शिक्का नसलेलं बाद पुस्तक जुन्या पुस्तकांच्या हातगाडीवर दिसलं की कोणी भला माणूस ते तुमच्याकडे घेऊन येतो आणि विचारतो, तुमची पुस्तकं विकली कोणी?

नोंदवहीत शेवटची नोंद लाल शाईने, शेऱ्याच्या रकान्यात: ‘निर्लेखित, ठराव क्र., दिनांक’, आणि सही. मूळ ओळ खोडायची नाही, व्हाइटनर लावायचा नाही. बाद केलेलं पुस्तक पुढे सापडलं तर त्याच ओळीत ‘दिनांक अमुक रोजी मिळाले, पुन्हा साठ्यात’ असं लिहून प्राचार्यांची सही घ्यायची. आमचा शेवटचा हिशेब असा मांडला: असायला हवीत ७३५७, पैसे भरलेली २६ आणि बाद झालेली ११८ वजा, नोंदवहीप्रमाणे शिल्लक ७२१३, त्यातली न सापडलेली ८७, प्रत्यक्ष हातात ७१२६. हे सगळं एका पानावर बसलं. नोंदवहीतल्या शेवटच्या नोंदीखाली आडवी रेघ मारून हेच आकडे तिथेही लिहिले, तिघांच्या सह्या घेतल्या, आणि पुढच्या वर्षीची मोजणी त्या रेघेपासून सुरू केली.

तुमची ८५२७ ही मोजणी फेकून देऊ नका, पण तिच्यावर आणखी वेळही घालवू नका. उद्या नोंदवहीचा पहिला खंड काढा आणि लाल शाईच्या नोंदी मोजायला घ्या.